आईच्या ‘हो’मागचं कसं वाचायचं?

प्रश्न: आईला कायमचं आमच्याकडे राहायला बोलावलंय. व्हॉट्सॲपवर ‘हो’ म्हणते, पण मनात काहीतरी आहे असं वाटतं. चॅटवरून ते कसं ओळखायचं?

तुमचे मेसेज झाकून फक्त आईचे सलग वाचा. ती काय विचारते, कशाचं उत्तर देत नाही आणि कुठे विषय बदलते, एवढंच बघायचं.

आमच्या दादाने ‘बघ, आई तयार आहे’ म्हणून मला त्यांचं चॅट पाठवलं होतं. त्यातला तुकडा असा:

दादा: तुझी खोली तयार होतेय. एसी पण लावतोय.
आई: बरं. मग चिनू अभ्यासाला कुठे बसेल?
दादा: ते बघू गं. साताऱ्याचं घर भाड्याने देऊ, एजंटशी बोललोय.
आई: शेजारच्या काकू म्हणत होत्या, घर बंद ठेवलेलं बरं.
दादा: बंद ठेवून काय उपयोग?
आई: जेवलास का?

दादाला यात होकार दिसला. मला दिसलं ते असं, की नातवाची खोली आपण बळकावतोय हे तिला खुपतंय, आणि ‘ते बघू’ने तो काटा तसाच राहिला. काकूंच्या तोंडून बोलतेय ती आईच. तिथे पटलं नाही तर परत यायला दार उघडं हवंय तिला. ते मागणं त्याने उडवून लावल्यावर तिने जेवणाचं विचारून विषय मिटवला.

आता दादाचे मेसेज. ‘सकाळी किचनमध्ये गडबड असते, तू निवांत उठत जा.’ ही काळजी नाही, वहिनीच्या ओट्याशी आई नको हे सांगायची पद्धत आहे. मुलांच्या मनातलंही चॅटमध्ये असतं, ते कोणी वाचत नाही. तुम्ही स्वतःचे मेसेज वाचाच.

अंदाज खरा की खोटा हे ‘आई, तुला काही टेन्शन आहे का?’ विचारून कळत नाही; ‘छे’ म्हणेल. ठोस काहीतरी पुढे करा. मी फोन करून म्हटलं, ‘वर्षभर घर भाड्याने द्यायचं नाही, किल्ली तुझ्याकडे.’ त्याच संध्याकाळी तिने कुठले डबे बरोबर न्यायचे ते विचारलं.

घर मुलांच्या नावावर करायचा विषय चॅटमध्ये असेल तर मात्र नुसता अंदाज बांधत बसू नका. सांभाळायची अट बक्षीसपत्रातच लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली, अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर ते सिद्ध करताना दमछाक होते.

हो, आईचे मेसेज नातवंडं टाइप करत असतील किंवा ती एरवीही सगळ्यांना ‘बरं’ एवढंच लिहीत असेल, तर त्या तुटकपणातून काही काढू नका.

दादा अजून म्हणतो, ‘आई नाही म्हणालीच नव्हती.’ अरे, एजंटशी बोलून झाल्यावर तिला सांगितलंस, मग ती नाही कधी म्हणणार होती?