इनडोअर पूलच्या काचांना घाम, एसी लावू की एक्झॉस्ट?

प्रश्न: नाशिकला गंगापूर रोडला आमचा 12 बाय 6 मीटरचा इनडोअर पूल आहे, मुलांच्या बॅचेस चालतात. पाणी 28 डिग्री ठेवतो. काचा गळतात, छताला बुरशी धरलीय. एकजण म्हणतो दोन-दोन टनाचे दोन एसी लावा, दुसरा म्हणतो मोठे एक्झॉस्ट लावा. नक्की काय करू?

उत्तर:

एसी तर अजिबात लावू नका. मी याच लाइनमध्ये आहे आणि हा सल्ला दर सीझनला कुणीतरी कुणालातरी देतंच. पूलमधून वाफ किती निघणार हे पाण्याच्या पृष्ठभागाजवळचा वाफेचा दाब आणि हवेतला वाफेचा दाब यांच्या फरकावर ठरतं. 28 डिग्री पाण्याचा दाब 3.78 किलोपास्कल. हवा 30 डिग्री आणि 55 टक्के ह्युमिडिटीवर ठेवली तर तिचा साधारण 2.33, म्हणजे फरक 1.45. आता या हिशेबाचा ठरलेला गुणक 0.00004 गुणिले पूलचे 72 चौरस मीटर गुणिले 1.45 करा, दर सेकंदाला 0.0042 किलो येतं, म्हणजे बॅच चालू असताना तासाला 15 लिटर पाणी हवेत जातंय. पूल रिकामा आणि पाणी शांत असेल तर याच्या निम्मं धरा.

आता तोच हॉल एसीने 24 वर आणला आणि ह्युमिडिटी तेवढीच धरली तर फरक होतो 2.14, आणि तासाला 22 लिटर. पाणी जास्त उडतं, पूल जास्त थंड होतो, तो गरम करायचं बिल वाढतं, पोरं बाहेर आली की कुडकुडतात ते वेगळंच. शिवाय टेंपरेचर आलं की एसीचा कॉम्प्रेसर बंद पडतो आणि ओलावा काढणंही थांबतं. म्हणून हवा पाण्यापेक्षा 2 डिग्री जास्त ठेवायची, तुमच्यासाठी 30, आणि ह्युमिडिटी 50 ते 60 च्या मधे.

एक्झॉस्टवाला अर्धा बरोबर आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची हवा कोरडी असते, हॉलमधल्या किलोभर हवेत 16 ग्रॅम ओलावा आणि बाहेर 8 च्या आसपास, त्यामुळे हजार-अकराशे सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा बाहेर फेकून तेवढी ताजी हवा आत घेतली की 15 लिटर निघून जातात. फक्त पहाटे बाहेर 12 डिग्री असताना ती 30 पर्यंत तापवायला 10 किलोवॉटचा हीटर लागेल, दुपारी जवळजवळ फुकट. पण जुलैत बघा, बाहेर 24 डिग्री आणि 90 टक्के ह्युमिडिटी म्हणजे किलोला 18 ग्रॅम, आतल्यापेक्षा जास्त! तेव्हा फॅन जेवढा जोरात फिरवाल तेवढा ओलावा आत ओढाल. पावसाळ्यात एक्झॉस्टवाल्या पूलच्या छताला बुरशी धरते ती यामुळेच, आणि लोक बिचारे आणखी एक फॅन लावतात.

तरी क्लोरीनचा वास आणि माणसांसाठी थोडी ताजी हवा बारा महिने लागतेच. पूल आणि भोवतीचा डेक मिळून 130 चौरस मीटर धरले तर साधारण 660 सीएफएम, त्यातून पावसाळ्यात तासाला 3 लिटर आत येतं. 15 आणि 3 मिळून तासाला 18 लिटर, एवढा ओलावा हवेतून काढणारा डीह्युमिडिफायर हवा. इथे एक गोम आहे. कॅटलॉगमध्ये लिटरचा आकडा बऱ्याचदा 30 डिग्री आणि 80 टक्क्यांवरचा छापलेला असतो, 55 टक्क्यांवर तेच मशीन बरंच कमी पाणी काढतं, म्हणून तुमच्या कंडिशनवरचा आकडा लेखी मागा. आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर जाणारी थोडी जास्त ठेवा, म्हणजे दमट हवा ऑफिसात आणि चेंजिंग रूममधे शिरत नाही.

काचांचं मात्र नुसत्या मशीनने सुटणार नाही. 30 डिग्री 55 टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू 20 डिग्री, म्हणजे त्याहून थंड कशावरही पाणी धरतं. बाहेर 10 असताना एकेरी काचेची आतली बाजू 16 च्या आसपास जाते, घाम येणारच. डबल ग्लास असेल तर ती 23 वर राहते. काच बदलायचं बजेट नसेल तर काचेच्या तळाशी लांब स्लॉट देऊन गरम हवा काचेला चिकटून वर सोडा. पाण्यावर झोत सोडू नका, वाफ वाढते. छताला पण आतल्या बाजूने व्हेपर बॅरियर म्हणजे वाफ अडवणारा थर लागतो, नाहीतर ओलावा इन्सुलेशनमधे जाऊन बसतो आणि वरून काहीच दिसत नाही.

पाणी गरम करण्याचं म्हणाल तर 15 लिटर वाफ म्हणजे 10 किलोवॉट उष्णता पाण्यातून जातेय. डीह्युमिडिफायर असा घ्या की जो ही उष्णता परत पूलच्या पाण्यात किंवा हवेत सोडतो, मग रोजचं पाणी टिकवायला हीटरला फार काम राहत नाही. हीटरचा साइज ठरतो पहिल्या भरण्यावर: 1.3 मीटर खोलीला साधारण 94 हजार लिटर, 20 वरून 28 ला न्यायला 875 युनिट उष्णता, 20 किलोवॉटच्या हीट पंपाला पावणेदोन-दोन दिवस. आणि रात्री बॅच संपली की पूलवर कव्हर घालाच, यापेक्षा स्वस्तात वाफ कमी होत नाही.