फिर्यादी दुसराच असेल तर एफआयआरची प्रत कशी मिळवायची?

प्रश्न: माझ्या वडिलांचा रस्ता अपघातात मृत्यू झाला. गुन्हा दाखल झालाय. पण पोलीस ठाण्यात एफआयआरची प्रत मागितली तर म्हणतात, "तुम्ही फिर्यादी नाही, कोर्टातून घ्या." विमा कंपनी प्रत मागते आहे. काय करू?

उत्तर: आधी वडिलांबद्दल मनापासून सहवेदना. "तुम्ही फिर्यादी नाही" हे उत्तर 1 जुलै 2024 पूर्वी कायद्याला धरून होतं, आज नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 154(2) मध्ये मोफत प्रत फक्त खबर देणाऱ्याला मिळायची. त्या दिवसापासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(2) मध्ये फिर्यादीबरोबर पीडित व्यक्तीही आली. ही प्रत तात्काळ आणि विनामूल्य द्यायची आहे. याच संहितेच्या कलम 2 मधील व्याख्येत पीडित म्हणजे गुन्ह्यामुळे नुकसान किंवा इजा झालेली व्यक्ती, आणि तिचे पालक व कायदेशीर वारसही त्यात धरले आहेत. अपघाताच्या गुन्ह्यात फिर्यादी बहुतेक वेळा वाटसरू, दुसरा वाहनचालक किंवा सरकारतर्फे एखादा पोलीस हवालदार असतो. मयताच्या मुलाचा हक्क त्यामुळे जात नाही. ठाण्यात बरेच जण अजून जुन्याच सवयीने बोलतात, म्हणून वाद न घालता हे कलम लेखी अर्जात घालणं जास्त कामाचं.

अर्जाआधी एक गोष्ट नक्की करा: गुन्हा खरोखर दाखल झालाय का, आणि कुठे? एक उदाहरण घेऊ. अपघात शिरूरजवळ पुणे-नगर रस्त्यावर झाला, जखमीला पुण्याला ससूनमध्ये हलवलं आणि दुसऱ्या दिवशी तिथे मृत्यू झाला. मृत्यूची नोंद ससून ज्या ठाण्याच्या हद्दीत येतं तिथे अकस्मात मृत्यू म्हणून होते आणि कागद पुढे शिरूरला जातात. नातेवाईकांच्या हातात पहिल्यांदा येतो तो हा अ.मृ. क्रमांक, आणि तोच एफआयआरचा नंबर समजून लोक दोन-तीन आठवडे चुकीच्या ठाण्यात खेटे घालतात. अ.मृ. म्हणजे कलम 194 खालची चौकशी. तो एफआयआर नाही, म्हणून त्यावर 173(2) लागू होत नाही. तुम्हाला हवा आहे तो गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, वर्षासकट, आणि तो अपघात ज्या हद्दीत झाला त्या ठाण्याचा. दुसऱ्या हद्दीतल्या ठाण्याने शून्य क्रमांकाने गुन्हा घेतला असेल तर तो वर्ग झाल्यावर पडलेला नवा नंबर घ्या.

नंबर माहीत नसेल तर ठाणे अंमलदाराला अपघाताची तारीख आणि मयताचं नाव सांगून विचारा. हे सांगायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. घरबसल्या पाहायचं तर महाराष्ट्र पोलिसांच्या citizen.mahapolice.gov.in या संकेतस्थळावर Published FIR हा भाग आहे. तिथे जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारखा भरून शोधता येतं. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये यूथ बार असोसिएशनच्या याचिकेत संवेदनशील गुन्हे वगळून बाकीचे एफआयआर 24 तासांत, अडचण असेल तर जास्तीत जास्त 72 तासांत, संकेतस्थळावर टाकायला सांगितलं आहे. लैंगिक अत्याचार, पॉक्सो, दहशतवाद असे गुन्हे तिथे दिसत नाहीत. अपघाताचा दिसायला हवा. सापडला तर लगेच उतरवून घ्या. मात्र त्यावर ठाण्याची सही-शिक्का नसते, आणि विमा कंपनी किंवा मोटार अपघात दावा न्यायाधिकरण साक्षांकित प्रत मागू शकतं. म्हणजे अर्ज करावाच लागतो, फक्त आता तुमच्याकडे बरोबर नंबर असतो.

अर्ज एका पानाचा ठेवा. ठाण्याच्या प्रभारी पोलीस निरीक्षकांच्या नावे, साधारण असा:

"विषय: गु.र.नं. ___/____ मधील प्रथम खबर अहवालाची प्रत मिळणेबाबत. महोदय, वरील गुन्ह्यातील मयत श्री. ______ हे माझे वडील असून मी त्यांचा कायदेशीर वारस आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 2 मधील पीडित व्यक्तीच्या व्याख्येत वारसाचा समावेश आहे. तरी कलम 173(2) अन्वये प्रथम खबर अहवालाची सही-शिक्क्याची प्रत मला विनामूल्य व तात्काळ मिळावी. प्रत देता येत नसल्यास त्याचे कारण या अर्जावर लेखी नमूद करावे, ही विनंती."

सोबत तुमचं ओळखपत्र, वडिलांशी नातं दाखवणारा एखादा कागद (शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला यांपैकी जो हाताशी असेल तो) आणि मृत्यूचा दाखला किंवा शवविच्छेदनाची पावती जोडा. वारस दाखला मागितला तर तो यायला वेळ लागतो हे सांगा. नात्याचा पुरावा पुरेसा आहे. अर्जात कोणत्या अधिकाऱ्यावर काय कारवाई होऊ शकते, असल्या धमक्या घालू नका. त्याने कागद पुढे सरकत नाही, उलट अर्ज "वादग्रस्त" म्हणून बाजूला पडतो.

खरं महत्त्व पोचेचं आहे. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, वेळ आणि गोल शिक्का घ्या. नुसती "मिळाला" अशी सही उपयोगाची नाही, कारण उद्या वर तक्रार केली की ठाणं म्हणेल असा अर्जच आलेला नाही. "साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या" म्हणाले तरी अर्ज घ्यायला साहेब लागत नाहीत. आवकने घेतलाच नाही तर त्याच दिवशी पोस्टात जाऊन तोच अर्ज स्पीड पोस्टाने, पोच मागून, पाठवा. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे. पावती आणि अर्जाची प्रत एकत्र टाचून ठेवा.

कायद्यात "तात्काळ" हा शब्द आहे, दिवसांचा आकडा नाही. माझं मत असं की दोन-तीन दिवस थांबावं, त्यापुढे नाही. मग वर लिहा: ग्रामीण भागात उपविभागीय पोलीस अधिकारी आणि पोलीस अधीक्षक, आयुक्तालयात सहायक आयुक्त आणि परिमंडळाचे उपायुक्त. त्या पत्रात नवीन काही रचायचं नाही. पहिल्या अर्जाची पोच जोडायची आणि "अमुक तारखेला अर्ज दिला, प्रत किंवा लेखी कारण मिळालं नाही" एवढ्या दोन ओळी. ईमेलवरही पाठवा. बहुतेक प्रकरणं या टप्प्यावर सुटतात, कारण अधीक्षक कार्यालयातून ठाण्याला त्या कागदावर अहवाल मागवला जातो आणि नाही म्हणण्याचं कारण लिहायला कोणाकडे काही नसतं.

इथे बऱ्याच जणांची एक गल्लत होते. नेटवर सगळीकडे कलम 173(4) वाचायला मिळतं: आधी अधीक्षकांकडे, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. ते कलम गुन्हा नोंदवायलाच नकार दिला तर आहे. तुमचा गुन्हा नोंदलेला आहे, म्हणून त्या कलमाखाली अर्ज केलात तर तो पहिल्याच तारखेला फेटाळला जाईल.

कोर्टाचा रस्ता तुमच्यासाठी वेगळा आणि सोपा आहे. कलम 176 प्रमाणे पोलिसांना गुन्ह्याचा अहवाल हद्दीतल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे लगेच पाठवावा लागतो, आणि एफआयआरची प्रत तिथे पोचलेली असते. वरच्या उदाहरणात ते शिरूरचं प्रथमवर्ग न्यायालय. तिथे प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. गु.र.नं., ठाण्याचं नाव, मयताशी नातं आणि कारण लिहायचं, कोर्ट फी स्टँप लावायचा, नकलेचं शुल्क भरायचं. ही प्रत मोफत नसते, पण कोर्टाच्या शिक्क्याची असल्यामुळे विमा कंपनीला त्यावर बोलायला जागा उरत नाही. ठाण्याशी पत्रव्यवहार चालू असतानाच हा अर्ज करून टाका, एकाची वाट पाहत दुसरा अडवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166(3) मध्ये नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी अपघातापासून 6 महिन्यांची मुदत आहे आणि ती प्रतीसाठी थांबत नाही. अपघात 1 जुलै 2024 पूर्वीचा असेल तर मोफत प्रतीचा हट्ट सोडून सरळ कोर्टातूनच घ्या.

माहिती अधिकाराचा सल्ला पुष्कळ जण देतील. 10 रुपयांचा स्टँप लावून अर्ज जातो खरा, पण उत्तराला 30 दिवस, आणि तपासात अडथळा येईल असं सांगून कलम 8(1)(ज) दाखवून नाकारायची सोय त्यांच्याकडे असते. प्रत मिळवायला तो शेवटचा मार्ग समजा. त्यापेक्षा "माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणी, कधी, काय कार्यवाही केली" हे विचारायला तो चांगला चालतो.

आणि प्रत हातात आली की ठाण्यातून निघण्याआधी वाचा. पहिल्या पानावर गु.र.नं., दिनांक आणि कलमं असतात. रकाना 3 मध्ये घटनेची वेळ, ठाण्यात खबर आल्याची वेळ आणि स्टेशन डायरीची नोंद. रकाना 7 मध्ये आरोपी. चालक पळून गेला असेल तर तिथे "अज्ञात" असेल, मग वाहनाचा नंबर रकाना 12 मधल्या मजकुरात शोधा आणि अंक न अंक जुळवा. एक अंक चुकला तर दावा भलत्याच गाडीच्या विमा कंपनीवर जातो. चूक दिसली तर एफआयआर खोडून दुरुस्त होत नाही. तपासी अधिकाऱ्याकडे पुरवणी जबाब नोंदवून घ्यावा लागतो आणि तशी नोंद केस डायरीत होते.

मृत्यू दुसऱ्या दिवशी झाला असेल तर आणखी एक गोष्ट होते. एफआयआर जखमी असताना नोंदला गेला असेल तर त्यात भारतीय न्याय संहितेची 281 आणि 125 ही कलमं दिसतील, मृत्यूचं 106(1) दिसणार नाही. ते नंतर वाढवलं जातं आणि कोर्टाला कलमवाढीचा अहवाल जातो. विमा कंपनी "एफआयआरमध्ये मृत्यूचं कलम नाही" म्हणून कागद परत करते तेव्हा दोष प्रतीत नसतो. त्या कलमवाढीच्या अहवालाची नक्कलही त्याच कोर्टातून, त्याच अर्जात मागून घ्या.