‘उतारा पाहिजे’ एवढ्याच मेसेजला मी तेवीस ओळी लिहिल्या होत्या

प्रश्न: माझं छोटं सेवा केंद्र आहे. लोक अर्धवट मेसेज टाकतात. मी सगळं समजावून लांब उत्तर देतो, तरी ते परत तेच विचारतात नाहीतर भलतंच काहीतरी करून येतात. पहिलं उत्तर किती मोठं असावं?

दोन वाक्यं, फार तर तीन. हे मी एका माणसाच्या दोन रजा वाया घालवून शिकलोय, म्हणून लिहायला बसलो.

माझं कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. आमच्याकडे ‘उतारा’ हा शब्द म्हणजे एक गाठोडंच आहे. शेतजमिनीचा तो उतारा, म्हणजे आरटीसी, कन्नडमध्ये पहाणी. गावठाणातल्या घराचा पंचायतीतून मिळतो तो फॉर्म नऊ आणि अकरा, त्यालाही लोक उताराच म्हणतात. बेळगाव शहरातल्या जागेचा सिटी सर्व्हेचा, तोही उताराच. त्यात 1956 पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे म्हातारी माणसं अजून सातबारा म्हणतात, आणि पुण्या-कोल्हापुरात राहणारी त्यांची मुलंही तेच मागतात.

तर पुण्याहून एकाचा मेसेज आला: “दादा, गावचा उतारा पाहिजे. काय काय लागेल?”

मी उत्साहात. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही. जिल्हा, तालुका, होबळी, गाव, सर्व्हे नंबर लागेल, असं ‘भूमी’ या कर्नाटक सरकारच्या जमीन-नोंदींच्या साइटवर ज्या क्रमानं विचारतात त्याच क्रमानं लिहीत गेलो. `Surnoc` च्या रकान्यात बहुतेक वेळा नुसती चांदणी असते आणि `Hissa` निवडायला विसरू नका, हेही लिहिलं. मग वाटलं, नाव आजोबांचं असेल तर? म्हणून वारसा लावायचं लिहिलं: मृत्यूचा दाखला, वंशावळ. कन्नडमध्ये नाव वेगळं पडलं असेल तर काय, तेही. तेवीस ओळी झाल्या. नंतर मोजल्या.

त्याचं उत्तर: “ओके दादा, थँक्स.”

अकरा दिवसांनी तो दुकानात हजर. एक रजा टाकून पुण्यात मृत्यूच्या दाखल्यामागे फिरला होता, दुसरी टाकून इथं आला होता. हातात आजोबांचा दाखला आणि वंशावळीसाठी सगळ्या चुलत्यांची नावं लिहिलेला कागद. मी सर्व्हे नंबर विचारला तर म्हणाला, “सर्व्हे नंबर कसला? घराचं आहे की ते. बँकेला द्यायचंय.” घर वडिलांच्या नावावर, वडील ठणठणीत. लागणार होता पंचायतीचा नऊ-अकरा. मी ओशाळून बघत राहिलो, तर म्हणाला, “तुम्हीच तर लिहिलं होतं.”

यात त्याची चूक शून्य. मी ‘नाव आजोबांचं असेल तर’ असं लिहिलं होतं, पण लांब मेसेजात ‘तर’ कोण वाचतं? माणूस स्वतःला कळलेली ओळ उचलतो. होबळी, हिस्सा त्याला कळलं नाही, दाखला कळला, म्हणून तो दाखल्यामागे धावला. माझा अंदाज त्याच्या हातात पडेपर्यंत हुकूम झाला होता. शिवाय एवढं सविस्तर आलंय म्हटल्यावर त्याला वाटलं की समोरच्याला माझं काम कळलंय. मग ‘घराचं’ हा शब्द तो कशाला लिहील?

आता मी असल्या मेसेजला एवढंच लिहितो: “होय, काढून देतो. शेताचा उतारा पाहिजे की घर-जागेचा? हे कळेपर्यंत कुठलाही कागद गोळा करू नका.”

पहिल्या वाक्यानं माणूस निर्धास्त होतो, तिसऱ्यानं त्याची धावपळ थांबते. खरं काम मधलं वाक्य करतं, आणि तिथं कुठला प्रश्न घालायचा यावर सगळं आहे. मी आधी गाव विचारायचो, कारण स्क्रीनवर ते वर असतं. पण गाव कुठलंही असो, त्यानं माझं पुढचं पाऊल बदलत नाही. शेत म्हटलं की काम महसूल खात्याचं, गावठाणातलं घर म्हटलं की पंचायतीचं. ऑफिसच बदलतं, म्हणून तो प्रश्न पहिला. घर म्हणाला तर दुसऱ्या खेपेला शहरात की गावठाणात, आणि कशासाठी. गाव आणि नंबर शेवटी.

प्रश्न एकच विचारा. तीन विचारले की उत्तर एकाचंच येतं, तेही सगळ्यात सोप्याचं. आणि “नेमकं काय पाहिजे?” असं मोघम विचारू नका, “उतारा” हेच परत येईल. त्याच्या तोंडचे दोन शब्द समोर ठेवा, शेत की घर. ‘आरटीसी की फॉर्म नऊ’ असं विचारलंत तर तो गप्प बसेल, किंवा अंदाजानं एक सांगेल, ते आणखी वाईट. आणि ‘शेत की घर’ला नुसतं “हो” आलं तर प्रश्न पोचलेला नाही असं समजा आणि सरळ फोन लावा.

आमचे भावोजी निवृत्त मास्तर. त्यांचं म्हणणं, विचारणाऱ्याला पूर्ण सांगावं, तोडून बोलणं म्हणजे आगाऊपणा. त्या तेवीस ओळींचं त्यांनी कौतुक केलं होतं, “असं लिहावं!” म्हणाले होते. भावोजी, तुम्ही वर्गात शिकवायचात तेव्हा पोरगं समोर बसलेलं असायचं. त्याचं तोंड बघून कळायचं की गाडी कुठं अडली. मेसेजात तोंड दिसत नाही. पूर्ण सांगायला माझी ना नाही, पण काय सांगायचं ते कळल्यावर. त्या पुण्याच्या माणसाला दुसऱ्या मेसेजला मी नऊ-अकराबद्दल दहा ओळी लिहिल्या असत्या तर त्या कामाच्या असत्या.

हां, एक राहिलंच. थोडक्यात म्हणजे “डिटेल्स पाठवा” नव्हे. ते उद्धटच आहे, आणि कसले डिटेल्स हे त्या बिचाऱ्याला माहीत असतं तर त्यानं आधीच पाठवले असते. गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा सगळं लिहून कुणी विचारलं तर तो मेसेज मोघम नाहीच, तिथं सरळ पूर्ण उत्तर द्या. उद्या बँकेची शेवटची तारीख आहे म्हणाला तर टाइप करत बसू नका, फोन करा. तुमच्या केंद्रात कुठली कामं चालतात ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे तुमचा ‘शेत की घर’ कुठला ते मला इथून सांगता येणार नाही. पाचसहा जुने मेसेज काढून बघा, कुठल्या एका शब्दानंतर ऑफिस किंवा फॉर्म बदलला ते दिसेल.

गेल्या आठवड्यात भावोजींचाच मेसेज आला: “अरे, ते कागद तेवढं बघ की.”

मी लिहिलं, “बघतो. घराचे की शेताचे?”

उत्तर आलं, “हो.”

फोन लावला.