गटवार तक्त्यातून गिनी काढला, आता प्रमाण त्रुटी कशी द्यायची?

प्रश्न: सासष्टी आणि केपे तालुक्यांतल्या 20 वाड्यांतून प्रत्येकी 20 घरं, एकूण 400. दरडोई मासिक खर्चाचे पाच गट आहेत: 3,000 रुपयांखाली 60 घरं (सरासरी 2,400), 3,000–5,000 मध्ये 120 (4,000), 5,000–8,000 मध्ये 120 (6,300), 8,000–12,000 मध्ये 60 (9,600), त्यावर 40 (18,000). मूळ नोंदी मिळाल्या नाहीत, वाडावार तक्ता जोडला आहे. गिनी 0.321 आला. मॅडम म्हणतात प्रमाण त्रुटी द्या. 400 घरं धरून 0.010 येते, ती चालेल का?

उत्तर: नमस्कार. 0.010 देऊ नका, ती फार लहान आहे. पण आधी 0.321 कडे बघू, कारण हा आकडा म्हणजे गिनी नाही, गिनीची खालची मर्यादा आहे.

लॉरेन्झ वक्राचे पाच बिंदू तुम्ही सरळ रेषांनी जोडले, म्हणजे एका गटातली सगळी घरं अगदी सारखाच खर्च करतात असं मानलं. 3,100 वाला आणि 4,900 वाला यांच्यातला फरक तिथेच पुसला गेला. वरची मर्यादाही काढता येते. गॅस्टवर्थने 1972 मध्ये दाखवलेली ही रीत आहे: प्रत्येक गटातली घरं गटाच्या दोन्ही टोकांना अशी ढकलायची की गटाची सरासरी बदलणार नाही. मग प्रत्येक गटामागे एवढी भर पडते:

`p² × (m − a)(b − m) / ((b − a) × μ)`

इथे a आणि b गटाची टोकं, m गटाची सरासरी, p गटाचा वाटा आणि μ एकूण सरासरी (तुमची 6,690). शेवटच्या गटाला वरचं टोक नाही, तिथे `p² × (m − a) / μ` घ्या. तुमच्या पाचही गटांची बेरीज 0.030 होते, म्हणजे वरची मर्यादा 0.352. यातली जवळपास 30 टक्के भर एकट्या वरच्या गटाची आहे, आणि त्यात फक्त 40 घरं आहेत. एकच आकडा हवा असेल तर 0.321 मध्ये भरीचा दोन तृतीयांश मिळवा, 0.341 येईल. गटात घरं समान पसरलेली असतील आणि सरासरी मधोमध असेल तर हे प्रमाण नेमकं दोन तृतीयांश असतं. उघड्या टोकाच्या गटाला मात्र तो आधार नाही.

ही 0.321 ते 0.352 ची फट नमुन्यामुळे पडलेली नाही. चार हजार घरं घेतलीत तरी गट हेच राहिले तर ती मिटणार नाही. म्हणून ती प्रमाण त्रुटीत मिसळू नका, वेगळी लिहा.

आता प्रमाण त्रुटी. 0.010 मागे गृहीतक असं की 400 घरं एकमेकांपासून स्वतंत्र निवडली. तुम्ही निवडले वाडे, आणि एका वाड्यातली घरं एकमेकांसारखी असतात. तुमच्या तक्त्यातली बारावी ओळ बघा: 0, 2, 4, 4, 10. एकाच वाड्यात वरच्या गटातली दहा घरं, त्यांची सरासरी 24,000. सासष्टीतला तारवट्यांचा वाडा असावा, बोटीवरून पैसे येणारी घरं अशी एकत्रच सापडतात. तो वाडा काढून मी खालची मर्यादा पुन्हा मोजली: 0.294. वीसपैकी एक वाडा वगळला आणि गिनी 0.027 ने खाली आला.

हेच वीस वेळा करायचं, दर वेळी एक वाडा बाहेर ठेवून. याला जॅकनाइफ म्हणतात. `N` मध्ये वाडावार घरं आणि `S` मध्ये वाडावार एकूण खर्च, दोन्ही 20 ओळी आणि 5 स्तंभ:

```r
gl <- function(n, s) {
  p <- n/sum(n); L <- cumsum(s)/sum(s)
  1 - sum(p * (L + c(0, head(L, -1))))
}
k <- nrow(N)
g <- sapply(1:k, function(j)
  gl(colSums(N[-j, ]), colSums(S[-j, ])))
sqrt((k-1)/k * sum((g - mean(g))^2))
```

`S` मध्ये सरासरी नाही, बेरीज भरा; म्हणजे वाडा काढला की गटाची सरासरीही आपोआप बदलते. सरासऱ्या स्थिर ठेवल्या तर अनिश्चिततेचा तो भाग हरवतो. बाराव्या वाड्यामुळेच उत्तर 0.026 च्या आसपास जाईल, बाकीच्या ओळी त्यात थोडी भर घालतील. म्हणजे तुमच्या 0.010 च्या अडीचपट तरी.

दोन्ही तालुक्यांत वाडे स्वतंत्रपणे निवडले असतील, तर एक वाडा वगळल्यावर त्याच तालुक्यातल्या उरलेल्या वाड्यांचं वजन वाढवा, आणि फरकांच्या वर्गांची बेरीज तालुकावार करून मग मिळवा. खर्च दरडोई आहे, तेव्हा घरांऐवजी माणसं मोजणं योग्य. वाडावार प्रत्येक गटातल्या माणसांची संख्या मिळाली तर `N` आणि `S` दोन्ही तशीच भरा.

वरच्या मर्यादेसाठीही हाच लूप चालवा. मग खालच्या मर्यादेतून 2.09 पट प्रमाण त्रुटी वजा करा आणि वरच्या मर्यादेत तिची 2.09 पट मिळवा (एकाच तालुक्यासारखं धरलं तर 20 वाड्यांना 19 स्वातंत्र्य-अंश, म्हणून 1.96 नाही). प्रबंधात दोन्ही मर्यादा, दोन्ही त्रुटी आणि बारावा वाडा वगळून आलेला 0.294 हे सगळं एकाच तक्त्यात द्या. मॅडम पुढचा प्रश्न त्या वाड्याबद्दलच विचारतील.