भागाकार एक, इंग्रजी शब्द दोन

प्रश्न : मी फोंड्याजवळच्या मराठी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. मुलं पुढच्या वर्षी इंग्रजीतून गणित शिकतील म्हणून ‘जोड्या लावा’ची कार्यपत्रिका करते आहे. त्रिभुज म्हणजे ट्रँगल, कोन म्हणजे अँगल हे जमलं. पण भागाकारासमोर डिव्हिजन लिहू की कोशंट? आणि त्रिभुज बरोबर की त्रिकोण?

उत्तर : भागाकारासमोर दोन्ही शब्द येतात, म्हणूनच तो ‘जोड्या लावा’त अडतो. मराठीत आपण क्रियेलाही भागाकार म्हणतो आणि ती केल्यावर येणाऱ्या संख्येलाही. इंग्रजीत क्रिया ती डिव्हिजन आणि उत्तर ते कोशंट. मी एकदा अशीच पत्रिका केली होती. मुलांनी भागाकार आणि डिव्हिजन यांची जोडी लावली, कोशंट एकटा उरला आणि बऱ्याच जणांनी तो भाजकाला नेऊन जोडला. चूक मुलांची नव्हती, पत्रिकेची होती.

कुठला अर्थ आहे हे वाक्यातल्या क्रियापदावरून कळतं. ‘भागाकार करा’ असेल तर डिव्हिजन. ‘भागाकार 7 आला’ असेल तर कोशंट. बेरीज आणि गुणाकाराचंही हेच आहे: ‘बेरीज करा’ म्हणजे अॅडिशन, ‘बेरीज 15 आली’ म्हणजे सम, गुणाकार करायचा तेव्हा मल्टिप्लिकेशन, आला तो प्रॉडक्ट. संस्कृत गणितात मात्र भेद होता. बाराव्या शतकातल्या ‘लीलावती’त भास्कराचार्य क्रियेला भागहार म्हणतात आणि उत्तराला फल. हिंदीतल्या भागफल, गुणनफल या शब्दांत ते फल टिकलं आहे. आपल्या वर्गात भागफल आणावं असं मला वाटत नाही. मुलांच्या तोंडी भागाकार आहे, तोच राहू द्या.

त्यापेक्षा शब्दाला शब्द जोडायला न लावता शब्द उदाहरणातल्या जागेशी जोडून घ्या. 47 नारळ 6 घरांत सारखे वाटायचे. प्रत्येक घरी 7 गेले, 5 उरले. पत्रिकेत हे उदाहरण मोठ्या अक्षरांत मांडा आणि चारही संख्यांना बाण काढा. 47 हा भाज्य, म्हणजे डिव्हिडंड. 6 हा भाजक, म्हणजे डिव्हायझर. 7 हा भागाकार, इथे कोशंट. 5 ही बाकी, म्हणजे रिमेंडर. खाली ताळा घ्यायला लावा: 6 × 7 + 5 = 47. डिव्हिजन हा शब्द या चौघांत येतच नाही. तो सगळ्या मांडणीचं नाव म्हणून वर शीर्षकात लिहा. गोंधळ तिथेच सुटतो.

भाज्य आणि भाजक मुलं हमखास उलटवतात. तिथे शब्दाचं शेपूट दाखवा. ज्याच्या शेवटी ‘य’ तो भागला जाणारा, ‘क’ असलेला भागणारा. गुण्य आणि गुणक तसेच. गंमत म्हणजे इंग्रजी शब्दांची घडणही हीच आहे, कारण ते लॅटिनमधून आले: डिव्हिडंडमधलं ‘अंड’ म्हणजे ज्याच्यावर क्रिया व्हायची तो, डिव्हायझरच्या शेवटचा ‘र’ क्रिया करणाऱ्याचा. एक जोडी कळली की दुसरी पाठ करावी लागत नाही.

बाकीबद्दल एक सावधगिरी. वजाबाकीतही बाकी आहे, त्यामुळे वजाबाकीच्या उत्तरालाही मुलं रिमेंडर म्हणून बसतात. तिथे इंग्रजीत डिफरन्स म्हणतात, आणि त्याला आपला ‘फरक’ हा शब्द जवळचा आहे.

आता त्रिभुज. शब्द चुकीचा नाही, संस्कृतात जुना आहे आणि हिंदी पुस्तकांत तोच असतो. पण मराठी शाळेत रूढ आहे तो त्रिकोण, तेव्हा पत्रिकेत त्रिकोणच घ्या. ट्रँगलमध्येही कोनच मोजलेले आहेत, भुजा नाहीत. भुज आपल्याकडे विशेषणांत राहिला: समभुज त्रिकोण म्हणजे इक्विलॅटरल, समद्विभुज म्हणजे आयसॉसेलीस. मात्र समभुज चौकोन आला की स्क्वेअर लिहू नका. तो ऱ्हाँबस, स्क्वेअरला आपण चौरस म्हणतो.

आणि टंकलेखन तपासताना एक बघा. अँगल म्हणजे कोन, ‘न’ नळाचा; बाणाचा ‘ण’ लिहिलात तर ‘कोण आलं?’ मधला कोण होतो. काटकोन, चौकोन यांतही नळाचा. पण त्रिकोण थेट संस्कृतातून घेतलेला, म्हणून त्यात बाणाचा ‘ण’. एकाच पत्रिकेत कोन आणि त्रिकोण शेजारी आले की मुलं नक्की विचारतील, तेव्हा हे कारण सांगून टाका.