मुद्रितशोधन केलंय म्हणतेस, मग हा मेल कोणी तपासला?

मॅडम, मी टीवायबीए मराठीला आहे, भांडुपला राहते, कॉलेज दादरला. एका प्रकाशनसंस्थेत संपादन विभागात मे-जूनमध्ये इंटर्नशिप हवीय, तिथल्या संपादिका मॅडमना मेल पाठवायचाय. इंग्लिश असतं तर चुका फोननेच दाखवल्या असत्या, मराठीत एकतर सगळ्याच शब्दांखाली लाल रेघ येते नाहीतर कशाखालीच येत नाही. जरा शुद्धलेखन बघून द्याल का? कॉलेजच्या ९६ पानांच्या अंकाची दोन्ही प्रुफं मी वाचलीयत, म्हणून जरा कॉन्फिडन्स आहे. मेल असा आहे:

विषय: इंटर्नशीप साठी अर्ज
आदरणिय महोदय,
मी दादरच्या कॉलेजमध्ये टी.वाय.बी.ए. मराठीची विद्यार्थीनी आहे. मला लहानपणा पासून वाचनाची आवड असुन मी कॉलेजच्या वार्षिक अंकाचे मुद्रितशोधन केलेले आहे. आपल्या संस्थेत इंटर्नशिप मिळाल्यास ती माझ्या साठी अनमोल संधी ठरेल व मी जबाबदारी प्रामाणीकपणे पार पाडेन. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपुर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती. सोबत बायोडाटा जोडलाय.
आपली विश्वासु,

अगं, हाच मेल बँकेत किंवा ट्रॅव्हल कंपनीत पाठवला असतास तर बहुतेक कोणाचं लक्षही गेलं नसतं, पण तू तो संपादन विभागात पाठवतेयस आणि वर लिहितेयस की मुद्रितशोधन केलंय, म्हणजे तिथे बसलेली बाई पहिल्या ओळीपासून हातात लाल पेन धरूनच वाचणार, तिच्यासाठी मेल हाच तुझ्या कामाचा नमुना. मी स्वतः काही वर्षं उपसंपादक होते आणि माझ्या पहिल्या अर्जात मी ‘अनुभवि’ लिहिलं होतं, त्यांनी त्या शब्दाभोवती गोल करून अर्ज परत दिला, बाकी एक अक्षर बोलले नाहीत. तो गोल अजून डोळ्यापुढे आहे.

आता चुका. मोजल्या तर बऱ्याच वाटतात पण मुळात तीन-चारच खोडी आहेत, त्या फिरून फिरून आल्यात.

पहिली खोड फोनची. ‘इंटर्नशीप साठी’, ‘लहानपणा पासून’, ‘माझ्या साठी’. फोनवर वरच्या पट्टीतला शब्द निवडला की कीबोर्ड स्वतःच पुढे स्पेस टाकतो, मग तू ‘साठी’ टाइप करतेस आणि तो वेगळा पडतो. मराठीत साठी, पासून, मध्ये, मुळे, कडे ही सगळी शब्दयोगी अव्ययं, आधीच्या शब्दाला चिकटूनच येतात. तुझ्याच मेलमध्ये ‘कॉलेजमध्ये’ बरोबर आहे बघ, म्हणजे तुला माहीत आहे, बोटांना माहीत नाही. कॉम्प्युटरवर Ctrl+F दाबून आधी स्पेस आणि मग ‘साठी’ शोध, सुटलेले सगळे सापडतील, तसंच ‘पासून’ आणि ‘मुळे’चं कर.

दुसरी खोड ऱ्हस्व-दीर्घाची, आणि ती निव्वळ कानाने सुधारत नाही कारण बोलताना आपण ‘असुन’ म्हणतो की ‘असून’ हे कोणाला ऐकू येतंय? इंग्लिश अक्षरांनी मराठी टाइप करत असशील तर `asun` लिहिल्यावर बऱ्याचदा दोन्ही पर्याय दिसतात आणि आपण समोर येईल तो दाबतो. म्हणून शब्दाचं शेपूट बघायचं. ‘ऊन’ लागलेलं सगळं दीर्घ: असून, करून, जाऊन, घरून. ‘इक’ लागलं की ऱ्हस्व, म्हणून प्रामाणिकपणे, आणि गंमत म्हणजे ‘वार्षिक’ तू बरोबर लिहिलंयस. ‘अनीय’ दीर्घ: आदरणीय, माननीय. आणि शब्दाच्या अगदी शेवटी इकार-उकार आला की तो दीर्घ, म्हणून विश्वासू. याला अपवाद थोडे आहेत, रोज लागणारा म्हणजे ‘आणि’, मग ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’ असे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले तेव्हा चौदा होते, १९७२ मध्ये चार वाढले. अठरा नियम म्हणजे दोन-चार पानांचा मामला, एकदा वाचून टाक.

तिसरी खोड जरा खोल आहे आणि मराठीच्या मुलीकडून ती संपादिकेला सगळ्यात जास्त खुपेल. ‘विद्यार्थी’ एकटा असला तर दीर्घ, पण मूळ संस्कृत शब्द ‘विद्यार्थिन्’, त्यामुळे स्त्रीलिंगी रूपात आणि समासात थि ऱ्हस्व होतो: विद्यार्थिनी, विद्यार्थिदशा. ‘सहानुभूती’चंही तसंच, एकटी असली तर ती दीर्घ, समासात पहिली आली की मूळच्यासारखी ऱ्हस्व, जसं बुद्धी पण बुद्धिबळ, गती पण गतिरोधक. त्यात ‘पूर्वक’चा पू दीर्घ, म्हणजे शब्द ‘सहानुभूतिपूर्वक’. एका शब्दात दोन चुका केल्यायस. पण मी तर तो शब्दच काढलाय, ते वाक्य फीमाफीच्या अर्जातलं आहे, इथे तुला सहानुभूती कशाला हवीय?

‘इंटर्नशीप’ की ‘इंटर्नशिप’ यावर लोक भांडतील, इंग्लिश उच्चाराला धरून मी शि ऱ्हस्व लिहिते. तू विषयात एक आणि आत दुसरं लिहिलंयस, ते मात्र चालणार नाही. तसंच ‘केलेले आहे’ लिहून झाल्यावर शेवटी ‘जोडलाय’ आलं, बोलण्यातलं रूप लेखी रूपात घुसलं. आणि संपादिका बाई आहेत हे मला सांगितलंस, त्यांना मात्र ‘महोदय’! ही चूक कुठलाही चेकर पकडणार नाही, शब्द शुद्धच आहे ना.

९६ पानं आणि दोन्ही प्रुफं, ही मेलमधली सगळ्यात वजनदार गोष्ट तू मला कळवलीस, त्यांना नाही. वाचनाची आवड काढून तिथे ती घातली. असं पाठव:

विषय: संपादन विभागात इंटर्नशिपसाठी अर्ज, मे-जून
आदरणीय महोदया,
मी दादरच्या कॉलेजमध्ये टी.वाय.बी.ए. मराठीची विद्यार्थिनी आहे. आमच्या कॉलेजच्या ९६ पानी वार्षिक अंकाचे मुद्रितशोधन मी केले असून दोन्ही प्रुफे वाचली आहेत. मे आणि जून हे दोन महिने आपल्या संपादन विभागात इंटर्नशिप करण्याची माझी इच्छा आहे. या काळात मी रोज पूर्ण वेळ येऊ शकते. बायोडाटा आणि मी तपासलेली दोन पाने सोबत जोडली आहेत.
आपली विश्वासू,

‘रोज पूर्ण वेळ’ खरंच जमणार असेल तरच ठेव, परीक्षा मेमध्ये सरकली तर तारखा लिही. तपासलेली पानं म्हणजे खुणा केलेलं प्रूफ, छापलेलं पान नव्हे, खुणा दिसायला हव्यात. फोनने फोटो काढलास तर कडेची खूण कापली जात नाहीये ना ते बघ. ‘प्रूफ’ दीर्घ पण ‘प्रुफे’, ‘प्रुफाचे’ ऱ्हस्व, फूल-फुलाचे सारखं, हे तुला त्या विचारू शकतात. बायोडाटाची फाइल `biodata_final_new.pdf` अशा नावाने नको, तुझं नाव घाल.

पाठवण्याआधी एकदा अक्षर मोठं करून शेवटच्या शब्दापासून उलटं वाच, अर्थ तुटला की डोळ्यांना अक्षरं दिसायला लागतात. आणि हे लोकलमध्ये उभं राहून करू नकोस, घरी जाऊन कर.