अभिनंदनाच्या मेलला फक्त 'थँक्स' येतं, पुढे काय?

प्रश्न: मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सेल्सला आहे. सगळे सांगतात की एखाद्या कंपनीला फंडिंग मिळालं, नवीन शाखा निघाली किंवा नवा माणूस वरच्या पदावर आला की लगेच मेल टाका. मी टाकतो, पण 'थँक्स'च्या पुढे काही येत नाही. नक्की लिहायचं काय?

उत्तर:

थँक्स येतंय कारण तुम्ही अभिनंदन करताय. अभिनंदनाला माणूस दुसरं काय म्हणणार?

तुमचा शेवटचा मेल उघडा आणि त्यातली बातमीची ओळ खोडून टाका. उरलेला मेल जसाच्या तसा दुसऱ्या कुठल्याही कंपनीला पाठवता येत असेल तर ती बातमी तुम्ही फक्त दार वाजवायला वापरली. वाचणाऱ्याला हे लगेच कळतं, कारण त्याच आठवड्यात त्याला तसलेच अजून ढीगभर मेल आलेले असतात. बातमी आल्यावर एवढंच शोधायचं की यामुळे आता कुणाच्या टेबलावर नवीन काम येऊन पडणार आहे, आणि त्यातलं कुठलं काम आपण हलकं करू शकतो. ते सापडलं तर लिहायचं, नाही सापडलं तर ती बातमी आपल्या कामाची नाही.

मी हजेरी आणि पगाराचं सॉफ्टवेअर विकतो, त्यामुळे उदाहरण त्यातलंच देतो. समजा एका वितरण कंपनीने दुसऱ्या शहरात गोदाम उघडलं. नव्वद टक्के लोक सीईओला लिहितात की विस्ताराबद्दल अभिनंदन, आमचं सॉफ्टवेअर बघा. पण सीईओच्या डोक्याला या गोदामाच्या हजेरीचा काय त्रास? त्रास एचआर ऑपरेशन्स बघणाऱ्या बाईंना. आतापर्यंत एक जागा, एक पंचिंग मशीन, महिनाअखेरीला एक्सेल, निघत होतं सगळं. आता दोन जागा, त्यात नवीन ठिकाणी रात्रपाळी, शिवाय सुरुवातीला जुन्या गोदामातले चार अनुभवी लोक तिकडे पाठवलेले, त्यांची हजेरी कुठल्या शीटमध्ये धरायची हेच कुणी ठरवलेलं नसतं. आणि रात्रपाळीत एक्सेल कसं अडतं ते एकदा स्वतः करून बघा. A2 मध्ये आत आल्याची वेळ 22:00, B2 मध्ये बाहेर गेल्याची 6:00, आणि साधी वजाबाकी:

```
=B2-A2
=MOD(B2-A2,1)
```

पहिल्या फॉर्म्युल्याला तारखेशिवाय नुसती वेळ भरलेली असेल तर उत्तर उणे येतं, आणि एक्सेल त्या खान्यात नुसत्या ##### अशा खुणा दाखवतं. दुसरा फॉर्म्युला, खान्याचं फॉरमॅट वेळेचं ठेवलं की, बरोबर आठ तास देतो. आता हे सांगण्यात आपलं सॉफ्टवेअर विकलं जात नाही, उलट फुकटात उपाय दिला, पण समोरच्याला कळतं की या माणसाने हे काम खरंच बघितलंय.

हे सगळं मला बातमीतून कळत नाही, ते कळतं नोकरीच्या जाहिरातींमधून. कंपनीच्या करिअर पेजवर नवीन शहरासाठी 'शिफ्ट सुपरवायझर, रात्रपाळी' अशी जागा बऱ्याचदा उद्घाटनाच्या बातमीच्या आधीच दिसते. हजेरी सांभाळणाऱ्या माणसाच्या जाहिरातीत 'एक्सेल उत्तम हवं' असं असेल तर बहुतेक सगळं हातानेच चाललंय, आणि एखाद्या सॉफ्टवेअरचं नावच घातलेलं असेल तर त्यांच्याकडे ते आधीच आहे, तिथे खालचा मेल चालणार नाही.

मग मेल साधारण असा:

"नमस्कार मॅडम, नवीन गोदामासाठी तुम्ही रात्रपाळीचे सुपरवायझर घेताय असं तुमच्या करिअर पेजवर दिसलं. दुसरी जागा सुरू झाली की पहिल्या पगाराला बहुतेक दोन ठिकाणी घोळ होतो, मध्यरात्र ओलांडणारी पाळी आणि जुन्या जागेवरून तात्पुरते पाठवलेले लोक. आम्ही दोन्ही जागांची हजेरी एकत्र करून पगाराला देतो. तुमच्याकडे तात्पुरत्या लोकांची हजेरी जुन्या गोदामात धरणार की नवीन?"

यात अभिनंदन नाही, मीटिंगची मागणी नाही, शेवटी एक प्रश्न आहे ज्याचं उत्तर एका ओळीत देता येतं. "अजून ठरलं नाही" असं उत्तर आलं तर तुमचं काम सुरू झालं. "दोन्हीकडे वेगळी, जमतंय" असं आलं तरी कळलं की आत्ता गरज नाही. कुठून कळलं ते मात्र सांगायचंच, नाहीतर समोरच्याला वाटतं हा आपल्यावर पाळत ठेवून आहे की काय. आणि आतल्या कुणाकडून कळलेलं, अजून जाहीर न झालेलं असं काही लिहायचं नाही.

फंडिंगबद्दल थोडं वेगळं. बातमी छापून येते तेव्हा व्यवहार बहुधा आधीच झालेला असतो आणि पैसा कुठे घालायचा हेही बरंचसं ठरलेलं असतं. प्रेस नोटमध्ये, बहुतेक शेवटाकडे, पैसा कशासाठी वापरणार ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. तिथे फक्त 'मार्केटिंग आणि नवे बाजार' असेल आणि तुम्ही अकाउंटिंगचं काही विकत असाल तर तो पैसा निदान थेट तुमच्यासाठी नाही. दुसरं म्हणजे ते भांडवल आहे की कर्ज ते बघा, हेडलाइनमध्ये दोन्ही 'इतके कोटी उभारले' असंच दिसतं, पण कर्ज बऱ्याचदा ठरलेल्या कामासाठी असतं आणि ते फेडायचंही असतं. आणि पहिल्या आठवड्याच्या गर्दीत घुसण्यापेक्षा भरतीच्या जाहिराती दिसायला लागेपर्यंत थांबलेलं बरं, तेव्हा पैसा खरंच कुठे चाललाय ते दिसतं.

नवीन साहेब आले असतील तर मी आधी बघतो की ते बाहेरून आलेत की आतूनच वर गेलेत. आतल्या माणसाने सध्याचे व्हेंडर अनेकदा स्वतःच निवडलेले असतात, तो कशाला बदलेल? बाहेरून आलेला माणूस सुरुवातीचे काही महिने सगळं तपासतो, जुन्या ठिकाणी मिळायचे ते रिपोर्ट इथे मागतो आणि ते निघत नाहीत असं त्याच्या लक्षात येतं. त्यामुळे रुजू झाल्याच्या दिवशी लिहू नका, त्याला अजून काय अडतंय हेच माहीत नसतं. त्याने आधीच्या कंपनीत तुमचंच सॉफ्टवेअर वापरलं असेल तर मात्र वाट बघू नका, तेवढीच एक ओळ लिहिली तरी पुरते. आधीचा माणूस का गेला याबद्दल एक शब्दही नको. कर्मचारी कपातीची बातमी असेल तर मी त्यावर लिहीतच नाही, तिथे कितीही जपून लिहिलं तरी वाईटच दिसतं.

पाठवायच्या आधी बातमीची तारीख बघा, लोक जुन्या बातम्या पुन्हा शेअर करत असतात. आणि ती कंपनी हीच ना, सारख्या नावाची किंवा त्याच ग्रुपमधली दुसरी नाही ना, तेही बघा.

आणि हिशोब ठेवताना 'थँक्स' वालं उत्तर शून्य धरा. ज्या उत्तरात समोरच्याने स्वतःच्या कामाबद्दल काहीतरी सांगितलंय तेवढीच मोजा, आणि तशाच कंपन्यांना कुठल्याही बातमीशिवाय पाठवलेल्या मेलशी त्याची तुलना करा. दोन्हीकडे आकडा सारखाच येत असेल तर बातम्या शोधण्यात वेळ घालवू नका, तो वेळ मेलमधला प्रश्न सुधारायला द्या.